स्लॉटची लांबी कशी काढायची?

काल एका वर्कशॉपमध्ये मोटरच्या बेसप्लेटचं ड्रॉइंग पाहिलं. स्लॉटवर नुसतंच ‘३०’ लिहिलेलं. टोकापासून टोकापर्यंत की सेंटर ते सेंटर?

बेल्ट ताणायला मोटर ३० मिमी सरकायला हवी. बोल्ट एम१०, म्हणून स्लॉटची रुंदी ११.

दोन्ही टोकांच्या अर्धगोलांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजेच सरक: ३०. दोन्हीकडे ५.५ त्रिज्या मिळवली की एकूण लांबी ४१.

मधल्या स्थितीपासून प्रत्येक केंद्र १५ वर.

३० ही एकूण लांबी समजून कापलं, तर केंद्रांतर १९ उरतं आणि बेल्ट ढिलाच राहतो.

माझ्या मते ड्रॉइंगवर केंद्रांतर आणि रुंदी द्यावी. ११चा एंडमिल नेमका तेवढाच सरकवायचा असतो.

तुमच्याकडे कुठलं माप देतात? कमेंटमध्ये सांगा.