क्रमांकरहित छायाचित्रित पृष्ठावरील शीर्षकांची श्रेणी

जुन्या ग्रंथाच्या पृष्ठाचे छायाचित्र हाती असते. पण शीर्षकांना क्रमांक नसतात. अशा वेळी मुख्य शीर्षक कोणते व पोटशीर्षक कोणते, हे टंकाचा आकार आणि त्याचा ठळकपणा यांवरूनच ठरवावे लागते. परंतु चित्रात मोजलेली उंची जशीच्या तशी प्रमाण मानता येत नाही. ध्वनिविचारात वर्णाचे मूल्य जसे इतर वर्णांशी असलेल्या विरोधातून ठरते, तसेच शीर्षकाचे मूल्य त्याच्या निकटच्या मजकुराशी ताडून ठरवावे लागते.

नागरी लिपीत मात्रा, वेलांट्या व उकार यांमुळे ओळीची एकूण उंची बदलते. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायथ्यापर्यंतचेच अंतर मोजावे. समजा, पृष्ठाच्या वरच्या भागात ‘अ’ व ‘आ’ अशी दोन शीर्षके असून त्यांची उंची अनुक्रमे 45 व 40 पिक्सेल आहे. खालच्या भागातील ‘इ’ची 36 आहे. केवळ आकड्यांवरून तीन श्रेण्या भासतात. पण कॅमेरा तिरपा असल्यामुळे वरच्या भागातील साधा मजकूर 30 पिक्सेलचा, तर खालचा 27 पिक्सेलचा उतरला आहे. भागाकार केल्यास ‘अ’ 1.5, ‘आ’ 1.33 आणि ‘इ’ही 1.33 ठरते. म्हणजे श्रेण्या दोनच असून ‘आ’ व ‘इ’ समकक्ष आहेत. मूळ छपाईत मजकूर 12, तर शीर्षके 18 व 16 पॉइंटांची असल्यास हीच गुणोत्तरे मिळतात.

याच पृष्ठावर ‘ई’ हे शीर्षक मजकुराइतकेच, म्हणजे 27 पिक्सेल उंचीचे आहे. मात्र त्याच्या कान्याची जाडी 4.5 पिक्सेल, तर शेजारच्या मजकुरात ती 2.7 आहे. ते स्वतंत्र ओळीत असून त्याच्या वर मोकळी जागा सोडलेली आहे. म्हणून ती तिसरी श्रेणी होय. असाच ठळक शब्द परिच्छेदाच्या पोटात आला असता, तर तो केवळ भर देण्यासाठी योजलेला मानावा लागला असता. जाडीची तुलना मात्र लगतच्या ओळींशीच करावी. चित्र अस्पष्ट असल्यास प्रत्येक रेषा जवळपास सारख्याच पिक्सेलांनी फुगते, आणि लहान अक्षरे उगीचच ठळक भासतात.

एक शीर्षक मोठे पण बारीक रेषांचे, तर दुसरे लहान पण ठळक असेल, तेव्हा मापे निर्णय देत नाहीत. तेथे क्रम पाहावा. एका प्रकारच्या दोन शीर्षकांच्या दरम्यान दुसऱ्या प्रकारची अनेक शीर्षके वारंवार येत असतील, तर पहिला प्रकार वरच्या श्रेणीचा समजावा. ही कसोटी लावण्यास सहसा अनेक पृष्ठे लागतात. एकाच पृष्ठावरून केवळ सापेक्ष क्रम कळतो. ‘अ’ हे त्या पृष्ठावरील सर्वांत वरचे शीर्षक असले, तरी प्रकरणाचे नाव मागच्या पृष्ठावर असू शकते. म्हणून संपूर्ण प्रकरण तपासून होईपर्यंत ‘अ’ला पहिल्या श्रेणीचा अंक देऊ नये.