तोंडाच्या शेकात पोट कसे भरायचे: नळीचा निर्णय आणि मामींची वही

तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले की पुष्कळांना रेडिएशन घ्यावे लागते. आपल्या वस्तीत कुणी त्याला शेक म्हणतात, कुणी लाईट. आठवड्याला पाच दिवस, असे साधारण सहा आठवडे. ट्यूमर गेला की नाही याची काळजी सगळे घर करते. पण या सहा आठवड्यांत माणूस किती जेवला, हे बहुतेक वेळा कुणीच मोजत नाही. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. त्या कामातले एक उदाहरण सांगते.

मामा बावन्न वर्षांचे, हमालीचे काम करणारे. पंचवीस वर्षे तंबाखू गालात धरलेली, त्याच गालाला गाठ झाली. ऑपरेशननंतर 30 शेक ठरले. सुरू होताना वजन 54 किलो. अशा रुग्णाला दर किलोमागे रोज साधारण 30 कॅलरी आणि निदान सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागते. म्हणजे मामांना रोज सुमारे 1600 कॅलरी आणि 65 ग्रॅम प्रोटीन.

नळी लागणार की पिण्याने भागणार, याचा विचार पहिल्या शेकाच्या आधीच करायचा असतो. ज्याचे वजन आधीच फार घटले आहे, ज्याला पाणी पितानाही ठसका लागतो, ज्याची गाठ जिभेच्या मुळाशी किंवा घशात आहे आणि शेकाबरोबर केमोही आहे, अशा माणसाबाबत पोटातली नळी आधीच घालावी का, याचा डॉक्टर विचार करतात. मामांचे तसे नव्हते. गिळता येत होते, केमो नव्हता. म्हणून तोंडानेच घेण्याचे ठरले, आणि महिन्याभराने नळीची वेळ येऊ शकते हेही मामींना स्पष्ट सांगितले.

पावडरचा महागडा डबा न परवडणाऱ्या घरासाठी आम्ही हे मिश्रण सांगतो: पाव लिटर टोन्ड दूध, दोन मोठे चमचे दुधाची पावडर, दोन छोटे चमचे साखर, एक छोटा चमचा तेल. एका ग्लासात सुमारे 335 कॅलरी आणि 13 ग्रॅम प्रोटीन बसते. दिवसात असे चार ग्लास आणि दोन उकडलेली अंडी घेतली, तर 1480 कॅलरी आणि 64 ग्रॅम प्रोटीन होते. उरलेले पेजेने भरते. डायबेटिस असेल तर साखरेचा हिशोब वेगळा, तो विचारूनच करावा.

दहा शेक झाले की तोंड लाल होते आणि चटचटते. पुढे गालाला, जिभेला पांढरट जखमा येतात. कागदावर डॉक्टर याला म्युकोसायटिस लिहितात आणि पुढे आकडा टाकतात. 1 म्हणजे नुसती लाली आणि जळजळ. 2 म्हणजे जखमा आहेत, पण मऊ घास जातो. 3 म्हणजे फक्त पातळ जाते. 4 म्हणजे तोंडाने काहीच जात नाही. घरच्यांनी हा आकडा विचारून घ्यावा, कारण नळीची चर्चा साधारण 3 वर सुरू होते. शेक संपल्यावरही हा त्रास दोन-तीन आठवडे टिकतो. शेवटचा शेक झाला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून भाकरी, असे होत नाही.

अडचण अशी की ओपीडीत विचारले, "जेवण कसे?" की उत्तर येते, "ठीक आहे." मामाही तेच म्हणायचे. भूक नाही हे सांगायला पुरुषांना कमीपणा वाटतो की काय, कुणास ठाऊक. मामींना मात्र मी शाळेची जुनी वही आणायला सांगितली होती. त्यात रोज चार गोष्टी लिहायच्या: किती ग्लास आणि किती वाट्या खरोखर पोटात गेल्या (ताटात वाढल्या तेवढ्या नव्हेत), तोंड दुखणे शून्य ते दहांत किती, ठसका किंवा उलटी झाली का, आणि एक ग्लास संपायला किती वेळ लागला. दर सोमवारी एकाच काट्यावर, तशाच हलक्या कपड्यांत वजन.

चौथ्या आठवड्यात, 18 शेक झाले त्या दिवशीची मामींची नोंद अशी होती: मिश्रण एक ग्लास, दीड तास लागला. चहा दोन कप. पेज दोन वाट्या. दुखणे 8. मी हिशोब केला. मिश्रणाचे 335, चहाचे साधारण 140, पेजेचे 200. एकूण 675. गरजेच्या निम्मेही नाही. वजन 51 किलो, म्हणजे तीन किलो घटलेले. असेच चालले तर चेहऱ्यावर बसवलेला शेकाचा मास्क सैल होतो आणि नेम चुकण्याची भीती असते.

आधी डॉक्टरांनी दुखण्याचे औषध वाढवले आणि जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितले. तोंडावर पांढरे थर म्हणजे बुरशी नाही ना, तेही पाहिले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भरायच्या होत्याच. तीन दिवसांनी वही पाहिली: 800. पुरेसे नव्हते.

आता हिशोब वेळेचा. उरलेले शेक जवळजवळ दोन आठवड्यांचे, त्यावर तोंड भरून यायला तीन. एकूण पाच आठवडे. चार आठवड्यांपेक्षा जास्त नळी लागेल असे वाटले, की पोटातल्या नळीचा, म्हणजे पेगचा, विचार करतात. नाकातली नळी लगेच घालता येते, स्वस्त पडते, पण टोचते, निसटते आणि चारचौघांत दिसते. पोटातली शर्टाखाली झाकते, पण ती घालायला दुर्बिणीची प्रक्रिया लागते, आणि भोकाभोवती पू होणे, गळणे हे त्रास होऊ शकतात. मामांचे पाच आठवडे म्हणजे अगदी सीमेवरचे. शेक मध्येच थांबवायचा नव्हता, म्हणून नाकातली नळी निवडली. सहा-आठ महिन्यांची गरज असती, तर मी पोटातल्याचाच आग्रह धरला असता.

मामींनी दोन दिवसांत शिकून घेतले. मामांना उशांना टेकवून बसवायचे आणि नंतर तासभर तसेच ठेवायचे. मिश्रण गाळून, कोमट, एका वेळी पाव लिटर, हळूहळू. आधी आणि नंतर थोडे स्वच्छ पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. नाकाजवळ नळीवर पेनने खूण केली होती. खूण पुढे सरकलेली दिसली की काही न देता रुग्णालय गाठायचे. पहिल्या दोन दिवसांत पूर्ण मात्रा दिली नाही. उपाशी पोटाला एकदम भरल्याने रक्तातले क्षार बिघडतात. पोटातली नळी असेल आणि ती निघून आली, तर स्वतः परत घालू नये. ते भोक काही तासांत आवळते, म्हणून नळी हातात घेऊन त्याच दिवशी जावे.

आणि एक गोष्ट मी दर वेळी सांगते. नळी असली तरी, ठसका लागत नसेल तर, दिवसातून पाच-सहा वेळा दोन-दोन चमचे पाणी गिळायचेच. गिळणे पूर्ण बंद केले की घशाचे स्नायू ते विसरतात, आणि मग नळी काढणे लांबते.

शेक संपल्यावर मामींची वही चालूच राहिली. तिसऱ्या आठवड्यात तोंडाने 1200 च्या वर जाऊ लागले, वजन 51.5 वर स्थिर राहिले आणि दुखणे 2 वर आले. आणखी एक आठवडा तसेच राहिल्यावर नळी काढली. त्या दिवशीच्या पानावर मामींनी लिहिले होते: मऊ खिचडी एक वाटी, वीस मिनिटे, ठसका नाही.