पुन्हा पुन्हा उमटणारा लाल चट्टा

जांघेत किंवा जननेंद्रियावर लाल चट्टा दिसला की बहुतेकांच्या मनात दोनच शंका येतात. एक नायट्याची आणि दुसरी संबंधांतून आलेल्या एखाद्या रोगाची. पहिल्या शंकेपोटी मेडिकलमधून ट्यूब आणली जाते, दुसऱ्या शंकेपोटी माणूस कुणाशी बोलतच नाही. सोरायसिस ही तिसरी शक्यता सहसा कुणाला सुचत नाही. खरं तर कोपर, गुडघे, डोकं अशा ठिकाणी सोरायसिस असलेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांना आयुष्यात कधी ना कधी तो या जागीही होतो. काही पाहण्यांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघालं आहे. फक्त याच जागी सोरायसिस असलेले रुग्ण मात्र थोडे असतात.

अनेक रुग्णांच्या हकिगती एकत्र करून एक उदाहरण घेऊ. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, वय ३८. योनीच्या बाहेरच्या दोन्ही ओठांवर लालबुंद चट्टे, खाज आणि लघवीच्या वेळी चुरचुर. त्यांनी शेजारणीने सांगितलेलं जंतुनाशक द्रावण पाण्यात टाकून धुऊन पाहिलं, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणीही वापरलं. दोन्हींनी आग वाढली. दवाखान्यात बुरशीच्या गोळ्या आणि योनीत ठेवायच्या गोळ्या मिळाल्या, नवऱ्यालाही औषध घ्यायला सांगितलं गेलं. घरात नको ती शंका शिरली ती तिथून. शेवटी मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. तिने चार दिवसांत चट्टा गेला. ट्यूब थांबवली, आठवड्यात तो परत आला. असं वर्षभर चाललं.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तपासताना आधी चट्ट्याची कड पाहिली. सोरायसिसचा चट्टा पेनाने रेघ मारून रंगवल्यासारखा दिसतो. इथे लाल, त्यापुढे लगेच निरोगी त्वचा. तो सहसा दोन्ही बाजूंना सारखा असतो. लाली कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी असते. नायट्यात साधारण उलट दिसतं, कड उचललेली, खवल्यांची आणि मधला भाग निवळत चाललेला. कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गात मुख्य चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या असतात. गोंधळ होतो तो मुख्यतः एका कारणाने. सोरायसिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चंदेरी खवले येतात आणि या जागी ते नसतात. घाम, ओलावा आणि त्वचेला त्वचा लागून राहणं यांमुळे खवला टिकत नाही. उरतो तो गुळगुळीत, चकचकीत, ओलसर लाल चट्टा. सावळ्या त्वचेवर तो लालऐवजी जांभळट किंवा तपकिरी दिसू शकतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. पुरुषांमध्ये शिश्नाच्या टोकावर, दांड्यावर किंवा अंडकोषाच्या त्वचेवर असाच चट्टा येतो. टोकावरची कातडी मागे सरकवल्यावर दिसणाऱ्या चट्ट्याला खवले नसतात, सुंता झालेल्यांमध्ये थोडे असू शकतात.

मग तज्ज्ञांनी विचारलं, "ताई, डोक्यात कोंडा होतो का?" बाईंना प्रश्नाचा संबंध कळेना, पण कोंडा होता, कानामागेही साल निघत होती. दोन नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. बेंबीत लाली होती आणि नितंबांमधल्या फटीच्या वरच्या टोकाला एक बारीक चीर. हे सगळे धागे एकाच आजाराकडे जाणारे होते. माझ्या मते या आजाराच्या निदानात सर्वांत उपयोगी कृती हीच आहे, जिथे तक्रार आहे ती जागा सोडून बाकीचं शरीर पाहणं. चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधली, ती सापडली नाही. ही तपासणी स्वस्त आहे आणि थोड्याच वेळात होते. मात्र मलम लावत असताना तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही.

सोरायसिस जंतूंनी होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा विनाकारण त्वचेत दाह पेटवते आणि एरवी साधारण महिन्याभरात तयार होऊन झडणाऱ्या पेशी काही दिवसांतच वर येऊ लागतात. त्यामुळे तो जोडीदाराला लागत नाही आणि जोडीदाराकडून येतही नाही. बाईंच्या नवऱ्याला औषधाची गरजच नव्हती. तज्ज्ञांनी त्यांना आत बोलावून समोर बसवून हे सांगितलं. माझ्या दृष्टीने त्या दिवशीच्या उपचाराचा मोठा भाग तोच होता.

चट्टा याच जागी पुन्हा पुन्हा का येतो, याचं एक उत्तर १८७२ साली हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टरांनी मांडलेल्या निरीक्षणात आहे. सोरायसिस असलेल्या माणसाच्या त्वचेला जिथे ओरखडा, घर्षण किंवा इजा होते तिथे नवा चट्टा उमटतो. तंग जीन्स, सायकलची सीट, वस्तऱ्याने केस काढणं, साबणाने घासणं, कोरडेपणी झालेला संबंध, खाजवणं, हे सगळं त्या इजेत मोडतं. मनावरचा ताण, घशाचा संसर्ग, लिथियम किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही आजार उसळतो. पण या जागी घासणं हा रोजचा शत्रू आहे.

आता त्या ट्यूबबद्दल. तिच्यात बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉल असं तिहेरी मिश्रण होतं. क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांपैकी सर्वांत जहालांत मोजलं जातं. चार दिवसांत आराम पडला तो त्याचा. जागा मात्र नाजूक आहे. हायड्रोकॉर्टिसोन त्वचेतून किती आत जातं हे १९६७ साली मोजलं गेलं, तेव्हा हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत अंडकोषाच्या त्वचेतून ते ४२ पट शोषलं गेल्याचं आढळलं. म्हणजे कोपरावर चालणारं औषध इथे फार मोठ्या मात्रेसारखं वागतं. महिनोन्महिने लावलं तर त्वचा कागदासारखी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, सतत आग होते आणि जांघेत पोटावरच्या प्रसूतीच्या वणांसारखे वण उठतात. ते वण पुढे फिके पडतात, पूर्ण जात नाहीत. बाईंच्या डाव्या जांघेत तीन होते. शिवाय खरोखर नायटा असेल तर स्टेरॉइड त्याचं रूप बदलतं आणि तो आतून पसरतो. २०१८ पासून अशी अनेक स्टेरॉइड मलमं आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती काउंटरवर सहज मिळतात.

बाईंना दिलेला उपचार साधा होता. सौम्य स्टेरॉइड, म्हणजे डेसोनाइड ०.०५ टक्के, रात्री एकदा, दोन आठवडे. मग तेच दोन आठवडे एक दिवसाआड. मधल्या रिकाम्या रात्री टॅक्रोलिमसचं ०.०३ टक्क्यांचं मलम. टॅक्रोलिमस स्टेरॉइड नाही, त्याने त्वचा पातळ होत नाही, म्हणून पुढे चट्टा परतू नये यासाठी ते आठवड्यातून दोनदा सुरू ठेवता येतं. पहिले काही दिवस ते चुरचुरतं, आणि बरेच रुग्ण औषध लागत नाही असं समजून तिथेच ते सोडतात. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच न लावता त्वचा थंड आणि कोरडी झाल्यावर लावलं तर चुरचुर कमी होते आणि सहसा आठवड्याभरात थांबते. किती लावायचं तेही दाखवलं गेलं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली पट्टी साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बाईंना त्याच्या निम्मं पुरेसं होतं. थर दिसेल इतकं लावून उपयोग वाढत नाही.

अंगावरच्या सोरायसिसची काही औषधं इथे लावूच नयेत. डांबर, डायथ्रॅनॉल, सॅलिसिलिक आम्ल यांनी ही त्वचा भाजते. कॅल्सिपोट्रिऑलही अनेकांना झोंबतं. प्रकाशोपचार घेताना हा भाग झाकून ठेवतात, कारण त्या उपचाराचा एक प्रकार, ज्याला पुवा म्हणतात, तो दीर्घकाळ घेतलेल्या पुरुषांत जननेंद्रियाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं होतं.

मलमाइतकंच महत्त्व धुण्याच्या पद्धतीला आहे. कोमट पाणी, हवं तर साबण नसलेलं सौम्य क्लेन्झर, मग टॉवेल न घासता टिपून कोरडं करणं. त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, म्हणजे लघवीचा त्रास होत नाही आणि घर्षण कमी होतं. सैल सुती अंतर्वस्त्रं. केस काढायचेच असतील तर कात्रीने. संबंध वर्ज्य नाहीत, त्वचा फाटलेली असेल तेव्हा मात्र थांबावं. लॅटेक्सचा कंडोम वापरत असाल तर जेली आणि तेलकट मलमं त्याला कमकुवत करतात, म्हणून आधी ती पुसून धुऊन काढावीत आणि पाण्यावर आधारित वंगण वापरावं.

सहा आठवड्यांनी बाईंचे चट्टे निवळले. पावसाळ्यात एकदा परत आले, तेव्हा त्यांनी दहा दिवस डेसोनाइड लावून पुन्हा आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस सुरू केलं. आजार मुळापासून गेला असं कुणी त्यांना सांगितलं नाही आणि तसं सांगणं खोटंच ठरलं असतं. मलमांनी भागत नाही अशांसाठी मेथोट्रेक्सेट किंवा अप्रेमिलास्टच्या गोळ्या आहेत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, आणि गरोदरपणात ते चालत नाही. जैविक इंजेक्शनंही आहेत. त्यांपैकी इक्सेकिझुमॅबची चाचणी खास जननेंद्रियाच्या सोरायसिसच्या १४९ रुग्णांवर झाली आणि १२ आठवड्यांत औषध मिळालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांची त्या भागातली त्वचा स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झाली. ही इंजेक्शनं महाग आहेत आणि देण्याआधी क्षयरोगाची तपासणी लागते.

एका बाबतीत मात्र थांबू नये. चट्टा एकटाच आहे, एकाच बाजूला आहे, योग्य उपचार करूनही सहा ते आठ आठवड्यांत हलत नाही, त्यावर जखम होते, तो जाड किंवा पांढरट होतो किंवा त्यातून रक्त येतं, तर त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासायला हवा. कर्करोगाची सुरुवात आणि लायकेन स्क्लेरोसस हा वण पाडणारा आजार, दोन्ही काही वेळा याच वेषात येतात.

डोक्याच्या, कोपराच्या सोरायसिससाठी तुम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे जातच असाल, तर पुढच्या खेपेला याही जागेबद्दल सांगा. अनेक डॉक्टर आपणहून विचारत नाहीत आणि रुग्ण बोलत नाहीत. तपासणीसाठी स्त्री डॉक्टर किंवा सोबत परिचारिका मागायचा तुम्हाला हक्क आहे. आणि जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून घेऊन जा.