पावत्यांना उशीर झाला, तरी कपात बदलता येते

जानेवारीच्या पगारातून नेहमीपेक्षा जास्त टीडीएस कापला गेला, की बहुधा गुंतवणुकीच्या पावत्या मुदतीत पोहोचलेल्या नसतात. एप्रिलमध्ये कर्मचाऱ्याने नुसते ‘एवढी गुंतवणूक करीन’ असे कळवलेले असते आणि त्या भरवशावर कार्यालय कर कमी कापते. पुरावे आले नाहीत, तर ती सूट रद्द धरून राहिलेला कर उरलेल्या महिन्यांत वसूल केला जातो.

२०२४-२५ या आर्थिक वर्षातले उदाहरण घेऊ. जुन्या करप्रणालीतल्या एका कर्मचाऱ्याने भविष्य निर्वाह निधीशिवाय पीपीएफचे ६० हजार आणि विम्याचा ३० हजारांचा हप्ता, अशी ९० हजारांची सूट सांगितली होती. त्याचे करपात्र उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात. पुराव्याअभावी उपकरासह १८,७२० रुपये कर वाढला. कार्यालयाने तो तीन महिन्यांत विभागला आणि जानेवारीत ६,२४० रुपये जास्त कापले. फेब्रुवारीचे पगारपत्रक तयार होण्याआधी त्याने वेतन विभागाला लिहिले :

‘महोदय, कौटुंबिक अडचणीमुळे गुंतवणुकीचे पुरावे मुदतीत देऊ शकलो नाही, क्षमस्व. पीपीएफ पासबुकची प्रत (६०,००० रु.), विमा हप्त्याची पावती (३०,००० रु.) आणि सही केलेला फॉर्म १२बीबी सोबत जोडला आहे. दोन्ही रकमा याच आर्थिक वर्षात भरल्या आहेत. मी जुनी करप्रणाली निवडली आहे. कृपया माझ्या कराची फेरआकारणी करून जानेवारीत झालेली जादा कपात फेब्रुवारी व मार्चच्या पगारात समायोजित करावी.’

पत्रात त्याने ‘परत द्या’ म्हटलेले नाही, ‘समायोजित करा’ म्हटले आहे. कापलेला कर सरकारजमा होतो, तो कार्यालयाच्या हाती उरत नाही. मात्र त्याच वर्षातली कमी-जास्त कपात पुढच्या पगारांत जुळवून घेण्याची मुभा प्राप्तिकर कायद्यानुसार कार्यालयाला आहे. त्यामुळे त्याची मूळची दरमहा ७,९७३ रुपयांची कपात फेब्रुवारी आणि मार्चमध्ये सुमारे ४,८५३ वर आली आणि हिशेब मिटला.

असे पत्र अडते ते ठरावीक कारणांनी. पावतीवरची तारीख ३१ मार्चनंतरची असते, वर्षाचे भाडे लाखाच्या वर असूनही घरमालकाचा पॅन दिलेला नसतो किंवा कर्मचारी नव्या करप्रणालीत असतो, जिथे पीपीएफ आणि विमा हप्त्याची ही सूट नाहीच.

मार्चचे पगारपत्रक बंद झाल्यावर मात्र कार्यालयाला लिहून उपयोग नसतो. तेव्हा टीडीएसचे प्रमाणपत्र घ्यावे, विवरणपत्रात वजावट दाखवावी आणि परतावा मागावा. प्रवास भत्त्याची सूट मात्र सहसा कार्यालयामार्फतच मिळते, म्हणून त्या पावत्या तरी पगारपत्रक बंद होण्यापूर्वी द्याव्यात.