दहाचा शेअर चारचा होतो तेव्हा

समजा, एका कंपनीने दहा रुपयांचे एक लाख शेअर विकून 10 लाखांचे भांडवल उभे केले. देणेकरी 2 लाखांचे. म्हणजे ताळेबंदाची बेरीज 12 लाख. पण दुसऱ्या बाजूला काय आहे? 4 लाख 80 हजारांची यंत्रे, 2 लाख 20 हजारांचा माल आणि येणी. उरलेल्या 5 लाखांत 4 लाख 60 हजार साचलेला तोटा आणि 40 हजार प्राथमिक खर्च, म्हणजे कंपनी स्थापन करताना झालेला खर्च. या दोन्हींना विकून छदामही मिळणार नाही, म्हणून प्राथमिक खर्चाला आभासी मालमत्ता म्हणतात.

कंपनी आता वर्षाला 60 हजार नफा कमावते आहे. तरीही कंपनी कायद्याच्या कलम 123 प्रमाणे मागचा तोटा भरून निघाल्याशिवाय चालू नफ्यातून लाभांश देता येत नाही. या गतीने सात-आठ वर्षे जातील. तोवर कोणता भागधारक थांबेल?

तेव्हा बुडालेले भांडवल बुडाले असे कबूल करायचे. कंपनी तीच राहते, बंद होत नाही, म्हणून ही अंतर्गत पुनर्रचना. यंत्रांची खरी किंमत 4 लाखच आहे, असेही मूल्यांकनात दिसले. दहाचा शेअर चारचा करायचे ठरले. रोजकीर्दीतली पहिली नोंद:

समभाग भांडवल (10 रु.) खाते नावे 10,00,000
समभाग भांडवल (4 रु.) खात्याला 4,00,000
भांडवल कपात खात्याला 6,00,000

दर्शनी किंमतच बदलल्याने जुने खाते पूर्ण बंद होते. दर्शनी किंमत दहाच ठेवून फक्त भरणा झालेली रक्कम घटवली असती, तर नुसते 6 लाख नावे पडले असते. विद्यार्थी हमखास इथेच अडखळतात. दुसरी नोंद:

भांडवल कपात खाते नावे 6,00,000
नफा-तोटा खात्याला 4,60,000
प्राथमिक खर्च खात्याला 40,000
यंत्रे खात्याला 80,000
भांडवली राखीव निधीला 20,000

तोटा मालमत्तेच्या बाजूला बसलेला असतो, म्हणून तो जमा करून पुसायचा. आता ताळेबंद दोन्हीकडे 6 लाख 20 हजारांचा. या सगळ्यात एक रुपयाही रोख आली नाही. ज्या कंपनीला खेळते भांडवल हवे आहे, तिची अडचण यातून सुटत नाही.

आणि हे संचालकांच्या मर्जीवर होत नाही. कलम 66 नुसार विशेष ठराव लागतो, राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी लागते, देणेकऱ्यांना हरकतीसाठी तीन महिने मिळतात. नोंदी लेखा मानकांना धरून आहेत, हे लेखापरीक्षकाने लिहून द्यावे लागते. ठेवी किंवा त्यांवरचे व्याज थकले असेल तर कपात करताच येत नाही.

पाठ्यपुस्तकात दिसतो तसा तोटा आज मालमत्तेच्या बाजूला सापडणार नाही. सध्याच्या नमुन्यात तो राखीव निधीतून वजा होऊन दिसतो. प्राथमिक खर्चही आता झाला त्याच वर्षी नफ्या-तोट्यात टाकतात. त्यामुळे जुन्या उदाहरणातले ते 40 हजार नव्या कंपनीच्या ताळेबंदात शोधायला गेलात, तर हाती बहुधा काहीच लागणार नाही.