बलून कर्ज: हप्ता लहान, शेवट मोठा

- व्याख्या: हप्ता लांब मुदतीवर बेततात, कर्ज मात्र आधीच संपते. उरलेले मुद्दल एकरकमी फेडायचे, तोच बलून.
- उदाहरण (काल्पनिक): शिरवण्याच्या एमआयडीसीतील एका वर्कशॉपने यंत्रासाठी २० लाख रुपये घेतले. व्याज वार्षिक १२ टक्के, म्हणजे महिना १ टक्का. हप्ता १२० महिन्यांवर बेतला, मुदत ६० महिने.
- हप्ता: सुमारे २८,६९४ रुपये. ६० महिन्यांत पूर्ण फेडायचे तर ४४,४८९.
- अखेरची बाकी: साठावा हप्ता भरल्यावर सुमारे १२.९० लाख रुपये. उरलेल्या ६० हप्त्यांचे त्या दिवशीचे मूल्य तेवढेच.
- निम्मी का नाही? सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असते. पहिल्या हप्त्यातले २०,००० रुपये व्याजाचे, मुद्दल फक्त ८,६९४.
- पडताळणी: एक्सेलमध्ये `=PMT(1%,120,-2000000)` हप्ता देते, `=PV(1%,60,-28694.19)` बाकी.