सावली डोळ्यांत भरली, तर चुकली

माझी मावसबहीण जीवशास्त्राची शिक्षिका आहे. कास पठारावरच्या फुलांविषयी तिला एका कार्यक्रमात बोलायचं होतं. तिने पहिली स्लाइड दाखवली. स्वतः काढलेला फुलांच्या गालिच्याचा फोटो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत शीर्षक, अक्षरांना काळी कड, कडेमागे करडी सावली आणि तळाशी निळ्याची जांभळी होत गेलेली पट्टी. फोटो सुरेख होता, पण स्लाइड वीस वर्षं जुनी वाटत होती.

असं का वाटतं? प्रत्येक काळाची स्वतःची सजावट असते. एकेकाळी वर्डआर्टची रंगीत, सावलीदार अक्षरं सगळीकडे असायची. पॉवरपॉइंट २००७ मध्ये मऊ सावल्या, प्रतिबिंबं आणि चकाकी एका क्लिकवर आली आणि लोकांनी ती सढळ हाताने वापरली. २०१३ मध्ये ॲपलने आयफोनचा पडदा जवळजवळ सपाट केला. पुढच्याच वर्षी गूगलच्या मटेरियल डिझाइनने सावली परत आणली, पण एका कामापुरती: कोणता थर वर आहे आणि कोणता खाली, हे कळावं म्हणून. आजच्या नजरेला पटतो तो असा, कामापुरता परिणाम.

“ताई, अक्षरांना कड कशासाठी दिलीस?”

“अगं, फुलांवर वाचताच येत नव्हती!”

अडचण खरी होती, पण उपाय चुकीच्या जागी झाला होता. अक्षरांमागे कुठे फिकट पाकळी, कुठे गडद पान, म्हणून अक्षरं हरवत होती. बदलायला हवी होती ती अक्षरांमागची जागा.

फोटोच्या खालच्या अर्ध्या भागावर आम्ही एक चौकोन काढला आणि त्याची बाह्यरेषा काढून टाकली. मग `Format Shape` मध्ये `Gradient fill` निवडलं, प्रकार `Linear`, कोन ९० अंश. रंगाचे फक्त दोन थांबे ठेवले आणि दोन्ही काळे केले. वरच्या थांब्याची `Transparency` १०० टक्के, खालच्याची ३०. शेवटी शीर्षक या चौकोनाच्या वर आणलं. आता फोटो तळाकडे हळूहळू गडद होत जातो आणि चौकोन आहे हे कळतही नाही.

यात दोन चुका हमखास होतात. वरचा थांबा पूर्ण पारदर्शक केला, पण त्याचा रंग पांढराच राहिला, तर मधल्या भागात दुधट करडं धुकं दिसतं. म्हणून पारदर्शक टोकही काळंच हवं. आणि वरचं टोक ८०-९० टक्क्यांवरच सोडलं, तर फोटोवर आडवी रेघ उमटते. अक्षरं चौकोनाच्या खालच्या एक तृतीयांश भागातच ठेवायची, कारण मध्यावर काळेपणा अजून पुरेसा नसतो. वेबसाठीचा सर्वमान्य निकष मोठ्या अक्षरांना किमान ३:१ आणि लहान अक्षरांना ४.५:१ इतका उजळ-गडद फरक मागतो. पांढऱ्या फुलावर, चौकोनाच्या मध्यावर, पांढरं शीर्षक त्यात बसत नाही.

दुसऱ्या स्लाइडवर तीन फुलांची तीन पांढरी कार्डं होती. एकाची सावली उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे, जणू खोलीत दोन सूर्य उगवले होते. सगळ्यांना एकच सावली दिली: काळी, `Transparency` ८० टक्के, `Blur` १५ पॉइंट, `Distance` ४ पॉइंट, `Angle` ९० अंश, म्हणजे सरळ खाली पडणारी. कडक, गडद सावली जुनाट दिसते. पसरट आणि फिकी असली, तर कार्ड कागदावरून किंचित उचलल्यासारखं वाटतं. पण उजेड असलेल्या सभागृहात प्रोजेक्टर अशी नाजूक सावली गिळून टाकतो. म्हणून पार्श्वभूमी पांढरी न ठेवता अगदी फिकट करडी केली. सावली दिसली नाही, तरी कार्डं वेगळी दिसतील. पार्श्वभूमी गडद असती, तर काळ्या सावलीचा उपयोगच नव्हता. तिथे कार्डाचा रंगच थोडा उजळ ठेवावा लागतो.

शेवटी ताईला म्हटलं, आता एकेक गोष्ट पुसून बघ. फोटोवरचा चौकोन काढला, तर शीर्षक फुलांत बुडालं. तो परत आणला. अक्षरांची कड आणि सावली काढली, तर वाचायला उलट सोपं झालं. तळाची निळी-जांभळी पट्टी काढली, तेव्हा ताई थोडा वेळ स्लाइडकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, हिच्याखाली फुलांची अख्खी एक ओळ झाकली गेली होती.”